पाच हजारांचा तोटा आणि बावीस दिवस: आमचा पी अँड एल तपासताना काय काय सापडलं

४ जुलैला आमच्या हिशेब लिहिणाऱ्या काकांनी जानेवारी ते जूनचा पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा कागद, पाठवला आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, तोटा ५,०००. आकडा छोटा आहे, पण मी तो बघून बराच वेळ गप्प बसले, कारण सहाही महिने काम भरपूर होतं, प्रिंटिंग मशीन बंद असं कधी पडलंच नव्हतं. मी आणि दादा मिळून छोटा छपाईचा व्यवसाय चालवतो, छपाई आणि बाइंडिंग, चार माणसं कामाला. दादा कागद बघून म्हणाला, "पगार जड होतायत, एक माणूस कमी करावा लागेल." त्याच रात्री ठरवलं की माणूस कमी करायच्या आधी हा कागद मी ओळ न ओळ तपासणार. मला अकाउंट्सचं शिक्षण नाही, २६ जुलैपर्यंत बावीस दिवस लागले, त्यातले कामाचे तास फार तर वीस असतील, बाकी सगळं वाट बघणं. कोणाला असंच बसायचं असेल तर कुठून सुरुवात करायची ते कळावं म्हणून लिहितेय.

आधी पूर्ण कागद कसा होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विक्री २४,००,०००. कच्चा माल म्हणजे कागद, शाई, प्लेट वगैरे ९,६०,०००. उरला ग्रॉस प्रॉफिट १४,४०,०००. त्यातून पगार ५,४०,०००, भाडं २,४०,०००, स्टेशनरी २,१२,०००, दुरुस्ती १,७५,०००, वीज ९०,०००, कर्जाचे हप्ते १,२०,०००, इतर खर्च ६८,०००. बेरीज १४,४५,०००, म्हणून ५,००० तोटा. बेरजेत एकही चूक नव्हती, मी तीनदा कॅल्क्युलेटरवर केली, आणि पहिले दोन दिवस त्यातच गेले. बेरीज सॉफ्टवेअर करतं, ती बरोबरच असते. चूक असते ती कुठली रक्कम कुठल्या ओळीत बसलीय यात, आणि सहा महिन्यांच्या एकत्र आकड्यात ती दिसत नाही.

६ जुलैला काकांना फोन करून तोच रिपोर्ट महिनावार मागितला, म्हणजे सहा महिने सहा कॉलमात शेजारी शेजारी. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, काकांनी दहा मिनिटांत पाठवलं. ते एक्सेलमध्ये घेतलं आणि प्रत्येक महिन्याच्या आकड्याखाली तो त्या महिन्याच्या विक्रीच्या किती टक्के आहे ते काढलं. मला या सगळ्यात सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. कारण नुसता आकडा वाढला तर काम वाढलं म्हणून वाढला असेल असं वाटतं, पण टक्का हलला की थांबून बघावं लागतं.

कच्च्या मालाची ओळ अशी होती, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च तिन्ही महिने बरोबर ५० टक्के, मग एप्रिल ३४, मे ३१, जून २९. गेल्या वर्षीचा याच सहा महिन्यांचा रिपोर्ट काढला तर तेव्हाही ५० च्या आसपास. आता कागदाचा भाव काही निम्मा झाला नव्हता, आम्ही दर वाढवले नव्हते, कामं पण तीच. म्हणजे एप्रिलपासून अचानक आम्हाला कागद कमी लागायला लागला असं हा रिपोर्ट म्हणत होता, जे शक्यच नाही. आणि खाली स्टेशनरीची ओळ बघा, जानेवारी ते मार्च महिन्याला २,००० आणि एप्रिलमध्ये ६२,०००, मेमध्ये ७७,०००, जूनमध्ये ६७,०००. एक ओळ ज्या महिन्यात खाली आली त्याच महिन्यात दुसरी वर गेली. अशी जोडी दिसली की बहुतेक वेळा खर्च वाढलेला किंवा कमी झालेला नसतो, त्याने फक्त घर बदललेलं असतं.

काकांकडून स्टेशनरीचं लेजर मागितलं. लेजर म्हणजे त्या नावाखाली पडलेली प्रत्येक एंट्री, तारीख, पार्टी, रक्कम. उघडल्याबरोबर दिसलं. एप्रिलमध्ये आम्ही कागदाचा सप्लायर बदलला, नव्या दुकानाच्या नावातच स्टेशनर्स शब्द होता, सॉफ्टवेअरमध्ये पार्टी नवीन उघडताना तिला ठरलेला खर्च म्हणून स्टेशनरी लागलं आणि मग त्यांचं प्रत्येक बिल आपोआप तिकडेच जात राहिलं. तीन महिन्यांत ६०, ७५ आणि ६५ हजार, एकूण २,००,००० चा छपाईचा कागद ऑफिसच्या पेन-फायलींबरोबर बसला होता. काकांना वाईट वाटलं, पण बिलावर जे लिहिलंय ते बघूनच ते एंट्री करणार ना, तो कागद मशीनवर जातो की टेबलावर हे त्यांना आम्ही सांगायला हवं होतं.

आता इथे एक गोष्ट मला नीट समजायला वेळ लागला. हे २ लाख स्टेशनरीतून काढून कच्च्या मालात टाकले तरी तोटा पाच हजारच राहतो! दोन्ही खर्चच आहेत, एका खिशातून दुसऱ्या खिशात. मी निराश झाले होते, मग लक्षात आलं की नफा नाही बदलला तरी निर्णय बदलतो. मे संपल्यावर एका मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही १५ टक्के सूट देऊन कोटेशन दिलं होतं, कारण मे अखेरचा रिपोर्ट बघून दादाला वाटलं की शंभराच्या कामात माल त्रेचाळीसचाच लागतोय, मार्जिन भरपूर आहे. खरं तर माल पन्नासचा लागतो. १०० चं काम ८५ ला दिलं की माल वजा जाता ४२ ऐवजी ३५ उरतात, आणि त्यातूनच पगार, भाडं सगळं काढायचं. ते काम आता पूर्ण करून द्यावंच लागणार आहे, शब्द दिलाय.

एवढ्यात दुसऱ्या उड्याही दिसत होत्या. विजेची ओळ फेब्रुवारीत शून्य आणि मार्चमध्ये ३०,०००, बाकी महिने १५,०००. ही सोपी, फेब्रुवारीचं बिल मार्चमध्ये लिहिलं गेलं, सहा महिन्यांची बेरीज बरोबर आहे, फक्त महिने सरकवले. पगारात मार्चला उडी होती, तिचं कारण ओव्हरटाइम, हजेरीच्या वहीशी ताडून बघितलं, खरी होती, तशीच ठेवली. प्रत्येक उडी चूक नसते, पण कारण सापडेपर्यंत मी तिला सोडायचं नाही असं ठरवलं आणि एक्सेलमध्ये बाजूला एक कॉलम करून कारण लिहीत गेले, बिलाच्या तारखेसकट. आठवड्याने आपलंच आपल्याला आठवत नाही.

दुरुस्तीची ओळ मात्र खरी महत्त्वाची निघाली. महिन्याला चार-पाच हजार असते, मार्चमध्ये दीड लाखाने जास्त. लेजरमध्ये नोंद एवढीच, 'मशीन काम'. बिल शोधायला दोन दिवस गेले कारण ते दादाच्या गाडीत होतं. बिल होतं नव्या कटिंग मशीनचं, ब्लेड आणि बसवणी धरून १,५०,०००. मार्चच्या पहिल्या तारखेला आलं आणि त्याच दिवशी चालू झालं, ते मशीन आज माझ्यासमोर उभं आहे, पुढची पाच वर्षं तरी चालेल. मग ते मार्च महिन्याचा खर्च कसा? ते आहे मालमत्ता, बॅलन्स शीटमध्ये, म्हणजे धंद्याकडे काय आहे आणि देणं किती आहे त्या कागदात जायला हवं, आणि त्याची झीज तेवढी दर महिन्याला थोडी थोडी खर्चात.

मग मी दुरुस्तीच्या सगळ्या बिलांना एकच प्रश्न लावला, याने जुनी वस्तू होती तशी परत चालू झाली, की नवीन वस्तू आली किंवा जुनीचं आयुष्य, ताकद वाढली? मोठ्या मशीनची मोटर रिवाइंड केली होती, रक्कम मोठी वाटते पण ती दुरुस्तीच, मशीन पूर्वीसारखंच झालं. रोलर बदलले, ती पण दुरुस्ती. फक्त रकमेवरून ठरवलं तर चुकतं. उलट दोन हजाराचं स्टेपलर तीन वर्षं चालेल म्हणून त्याला मालमत्ता करत बसायचं नाही, त्यासाठी एक मर्यादा ठरवून घ्यायची की याच्या खालचं सरळ खर्चात, आणि ती दरवर्षी तीच ठेवायची.

मग भाड्याची ओळ बघितली. भाडं महिन्याला ३०,०००, सहाचे १,८०,००० व्हायला हवेत, रिपोर्टमध्ये २,४०,०००. जास्तीचे ६०,००० हे मागच्या बाजूची खोली घेतली तेव्हा दिलेलं डिपॉझिट, जे जागा सोडताना परत मिळणार आहे. परत मिळणारा पैसा खर्च नसतो. ही ओळ तपासायला लेजरसुद्धा लागत नाही, करारातला आकडा गुणिले महिने, एवढंच. ज्या ज्या खर्चाचा आकडा आधीपासून ठरलेला असतो तिथे हे करून बघा, दोन मिनिटांत होतं.

कर्जाच्या हप्त्यावरून मात्र घरात वाद झाला. महिन्याला २०,००० हप्ता, सहा महिन्यांचे १,२०,००० पूर्ण खर्चात. मी म्हटलं यातलं फक्त व्याज खर्च आहे, मुद्दल आपण परत करतोय. दादा चिडला, "अगं पैसे खात्यातून जातात, मला दिसतात जाताना, खर्च नाही तर काय?" त्याचं म्हणणं मलाही आतून पटत होतं. पण कर्ज मिळालं तेव्हा आपण ती रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली होती का? नाही. मग परत करताना ती खर्च कशी होईल. आणि त्या कर्जातून जे मशीन घेतलं त्याची किंमत झीज म्हणून खर्चात येणारच आहे, मुद्दलही खर्चात धरलं तर एकाच मशीनचा खर्च दोनदा लागेल. हे कागदावर काढून दाखवल्यावर तो शांत झाला.

व्याज आणि मुद्दल वेगळं करायला बँकेचं कर्जाचं स्टेटमेंट लागतं, ते मागितलं १० जुलैला, आलं १५ ला. आधीच मागून ठेवा, माझे पाच दिवस त्यात गेले. अंदाजाने निम्मं-निम्मं करू नका, कारण दर महिन्याला प्रमाण बदलतं, आमच्या जानेवारीच्या हप्त्यात व्याज ७,३०० च्या जवळ होतं, जूनमध्ये ६,७०० वर आलं. सहा महिन्यांचं व्याज ४२,००० आणि मुद्दल ७८,०००. खर्चात राहिले फक्त ४२,०००.

इथपर्यंत तोट्याचा चांगला नफा झाला होता आणि मला आनंद व्हायला लागला होता, तेव्हाच आठवलं की झीज म्हणजे डेप्रिसिएशन अशी ओळच या कागदावर नाहीये. काकांना विचारलं तर म्हणाले, "ते वर्षाअखेरीला अकाउंटंट टाकतात, आपण मध्ये टाकत नाही." बऱ्याच छोट्या व्यवसायांत असंच चालतं, कारण झीजेचं बिल येत नाही, पैसे कुठे जात नाहीत, त्यामुळे एंट्री करायची आठवण करून देणारं काहीच नसतं. परिणाम असा की अकरा महिने नफा फुगलेला दिसतो आणि बाराव्या महिन्यात एकदम खाली येतो. झीज टाकलीय का हे ओळखायची दुसरी जागा म्हणजे बॅलन्स शीट, आमच्यात यंत्रसामग्रीचा आकडा १ जानेवारीला जो होता तोच ३० जूनला होता. सहा महिने मशीन रोज चालवून तिची किंमत तसूभर कमी झाली नाही असं होत नाही.

झीज काढायला मालमत्तेची यादी लागते, आमच्याकडे नव्हती, १६ ते १९ जुलै मी जुन्या फायलींतून बिलं काढत बसले. मोठं प्रिंटिंग मशीन ८,६०,००० चं, वाहतूक आणि बसवणी ४०,०००, ते दोन्ही मिळून किंमत ९,००,००० धरायची कारण बसवल्याशिवाय मशीन काम करत नाही. आयुष्य १० वर्षं, शेवटी विकून साधारण १,००,००० येतील असा अंदाज, म्हणजे ८,००,००० दहा वर्षांत, वर्षाला ८०,०००, सहा महिन्यांचे ४०,०००. कॉम्प्युटर आणि फर्निचर १,२०,०००, चार वर्षं, सहा महिन्यांचे १५,०००. नवीन कटिंग मशीन १,५०,०००, पाच वर्षं, शेवटी काही मिळणार नाही असं धरलं, महिन्याला २,५००, पण ते मार्चपासून चालू म्हणून चारच महिने, १०,०००. एकूण ६५,०००. ही सरळ रेषेची पद्धत, दरवर्षी सारखी रक्कम. आयुष्य किती धरायचं हा शेवटी अंदाजच असतो, आमच्या अकाउंटंटशी बोलून ठरवला. त्यांनी एक गोष्ट बजावली, टॅक्ससाठी झीजेचे दर कायद्याने ठरलेले वेगळे असू शकतात, तो हिशेब ते वेगळा ठेवतील, हा आकडा आपल्याला धंदा कसा चाललाय ते कळायला.

२० तारखेला सगळं नव्याने मांडलं तरी एक गोष्ट खटकत होती. कागद परत जागेवर आणल्यावर कच्च्या मालाचा टक्का एप्रिल ५०, मे ५०, आणि जून ४२. खर्चाच्या बाजूला काही सापडेना, दोन दिवस मी जूनच्या कागदाची बिलं पुन्हा पुन्हा मोजली, एखादं राहिलं असेल म्हणून. गोदामातला शिल्लक कागदही मोजला, जानेवारीच्या सुरुवातीला होता जवळपास तेवढाच, म्हणजे तिकडेही घोळ नाही. मग टक्क्याचा दुसरा आकडा बघायचं सुचलं, विक्री! जूनची विक्री ५,००,०००, मेची ४,००,०००. विक्री वाढलेली बघून कोणी प्रश्न विचारत नाही, मीही नव्हता विचारला, इतके दिवस खर्चाच्याच उड्या शोधत होते. विक्रीच्या लेजरमध्ये २६ जूनला १,००,००० ची एंट्री, त्याच सूट दिलेल्या गिऱ्हाइकाने दिलेला ॲडव्हान्स. काम जुलैत सुरू होणार, कागद जुलैत येणार, पैसे फक्त आधी आले. काम करून देईपर्यंत ते आपलं देणं आहे, विक्री नाही. काढून टाकले, जूनची विक्री ४,००,०००, कच्चा माल २,१०,०००, टक्का ५२.५. वरचे अडीच टक्के एक काम रंग चुकल्यामुळे पूर्ण परत छापावं लागलं होतं त्याचे, ते आम्हा सगळ्यांना चांगलंच आठवत होतं. सहा महिन्यांचा टक्का आला ५०.४.

खरं सांगते, तो लाख काढताना जिवावर आलं, कारण नफा तेवढाच खाली जाणार होता. पण जी दुरुस्ती नफा वाढवते तेवढीच करायची आणि कमी करणारी सोडून द्यायची, मग एवढे दिवस बसून उपयोग काय.

२३ जुलैला काकांबरोबर शेवटचा हिशेब मांडला. ५,००० तोट्यापासून सुरू करून, ॲडव्हान्सचे १,००,००० वजा, कटिंग मशीनचे १,५०,००० परत, डिपॉझिटचे ६०,००० परत, मुद्दलाचे ७८,००० परत, झीज ६५,००० वजा. नफा १,१८,०००. दुसऱ्या बाजूने पण आला, विक्री २३,००,०००, माल ११,६०,०००, ग्रॉस ११,४०,०००, खर्च झीज धरून १०,२२,०००. दोन्हीकडून तोच आकडा आला तेव्हा काका हसले, मी पण.

दादा मात्र म्हणाला, "मग हे १,१८,००० आहेत कुठे, बँकेत तर नाहीत." बरोबर विचारलं त्याने. थोडीफार उधारी सोडली तर बँकेतली शिल्लक सहा महिन्यांत खरंच पाच हजारांनी कमीच झाली होती. काकांनी पाठवलेला कागद त्या अर्थाने खोटा नव्हता, त्यात पैसा किती आला आणि किती गेला हे होतं, धंद्याने किती कमावलं हे नव्हतं. कमावलेले पैसे मशीनमध्ये, डिपॉझिटमध्ये आणि मुद्दल फेडण्यात गेले. म्हणून आता दादा बँकेतल्या शिल्लकीचा वेगळा कागद ठेवतो, कारण नफा असला तरी पगाराच्या दिवशी खात्यात पैसे लागतातच, ती त्याची काळजी खोटी नाही.

२६ ला अकाउंटंटने एंट्री तपासल्या, त्यांची एक तासाची फी आणि काकांचे जास्तीचे सहा तास, एवढाच खर्च आला. त्यांनी मुद्दाम सांगितलं की जुन्या एंट्री खोडू नका, दुरुस्तीची वेगळी एंट्री करा आणि खाली कारण लिहा, म्हणजे वर्षभराने बघणाऱ्याला माग लागेल. कागदाच्या सप्लायरला सॉफ्टवेअरमध्ये कच्चा माल लावला. झीजेची ११,६६७ ची एंट्री दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला आपोआप पडेल अशी लावून ठेवली. माणूस कमी करायचा विषय दादाने स्वतःच बंद केला. आता 'इतर खर्च' ६८,००० तेवढा उघडायचा राहिलाय, टक्का स्थिर होता म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता, पण काकांनी परवा सांगितलं की ज्याचं घर कळत नाही ते सगळं ते तिथे टाकतात, त्यामुळे ते लेजर मागवलंय, शनिवारी बसणार आहे.